नाना बरोबर होते, तरी बुडाले

ऑप्शन विकणाऱ्यांची एक खास जमात आपल्याकडे तयार झाली आहे. हे लोक स्वतःला ट्रेडर म्हणवत नाहीत. "आपण भाडं खातो," असं सांगतात. खरेदी करणारे जुगारी, आपण मात्र घरमालक, असा एकूण थाट. दर आठवड्याला दूरचा स्ट्राइक विकायचा, प्रीमियम खात्यात घ्यायचा आणि तो शून्य होईपर्यंत चहा प्यायचा. हा धंदा बहुतेक आठवडे चालतोही. म्हणूनच तो घातक आहे.

आपण एक काल्पनिक नाना घेऊ. डोंबिवलीचे, बँकेतून निवृत्त, गणिताला पक्के, कुणाच्या टिपेवर न चालणारे. नाना काल्पनिक असले तरी तारखा आणि निफ्टीचे आकडे खरे आहेत.

तारीख ४ एप्रिल २०२५, शुक्रवार. ट्रम्पसाहेबांनी दोन दिवसांपूर्वी जगभरच्या आयातीवर कर लावून ठेवले होते. निफ्टी ३४५ अंक पडून २२,९०४.४५ वर बंद झाला. नाना म्हणाले, पडायचं ते पडून झालं. पुढच्या गुरुवारी, १० तारखेला, महावीर जयंतीची सुट्टी होती, म्हणून त्या आठवड्याची एक्स्पायरी बुधवारी ९ तारखेला आली होती. म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीनच दिवस काढायचे. नानांनी २२,००० चा पुट विकला. बाजारापासून नऊशे अंक लांब. ७५ चा एक लॉट, असे दहा लॉट. प्रीमियम गणितासाठी ३० रुपये धरू. मिळकत २२,५००. तीन दिवसांचं भाडं म्हणून काही वाईट नाही.

नानांचा अंदाज एका वाक्यात असा होता: बुधवारी निफ्टी २२,००० च्या वर बंद होईल. बुधवारी निफ्टी २२,३९९.१५ वर बंद झाला. अंदाज चारशे अंकांच्या फरकाने खरा ठरला. पुट शून्य झाला.

आणि नानांना सुमारे पन्नास हजारांचा तोटा झाला.

हे कसं घडलं ते पाहण्यासारखं आहे, कारण ऑप्शन विकण्यावरच्या क्लासमध्ये थीटा शिकवतात, डेल्टा शिकवतात, पण सोमवारची सकाळ शिकवत नाहीत.

शुक्रवारी चीनने अमेरिकेवर ३४ टक्के उलट कर जाहीर केला. त्या रात्री अमेरिकेचा एस अँड पी ५०० जवळजवळ सहा टक्के पडला, आदल्या दिवशी तो पाच टक्क्यांच्या आसपास पडलेला होताच. इथे पहिली गंमत. आपला बाजार साडेतीनला मिटतो, जग मिटत नाही. गिफ्ट निफ्टी रात्री पावणेतीनपर्यंत चालू असतो आणि मोबाइलवर फुकट दिसतो. पण तिथे सौदे डॉलरमध्ये होतात आणि डोंबिवलीच्या नानांना ते करता येत नाहीत. त्यामुळे आपलं घर जळताना रात्रभर बघायची सोय आहे, पाणी मारायची नाही. शनिवार-रविवार नानांनी बातम्या पाहिल्या. सोमवारी सकाळी हाँगकाँग आणि टोकियो कोसळताना पाहिलं.

७ एप्रिलला सव्वानऊला निफ्टी २१,७५८.४० वर उघडला. शुक्रवारच्या बंद भावापेक्षा ११४६ अंक खाली, पाच टक्के. मधल्या अकराशे अंकांत एकही सौदा झालेला नाही. तो रस्ताच नव्हता. बाजार एका काठावर झोपला आणि दुसऱ्या काठावर उठला.

आता नानांचा स्टॉप-लॉस. नाना शिस्तीचे, प्रीमियम ६० झाला की बाहेर पडायचं हा त्यांचा नियम. पण शुक्रवारी लावलेली स्टॉप-लॉस ऑर्डर शुक्रवारीच संपते. ती दिवसापुरतीच असते. समजा सोमवारी उघडताच ती परत लागली, किंवा ब्रोकरच्या सोयीने आधीपासून लावून ठेवलेली होती. तरी एनएसईने सप्टेंबर २०२१ पासून ऑप्शनमध्ये बाजारभावाने सुटणारा स्टॉप-लॉस बंद केला आहे. आता ट्रिगरसोबत मर्यादा द्यावी लागते. नानांची ऑर्डर म्हणते, ६० ला जागी हो आणि ६५ पर्यंतच्या भावाने खरेदी कर. ऑर्डर जागी झाली. तेव्हा २२,००० च्या पुटमध्ये नुसतं अंगभूत मूल्यच २४१ रुपये ६० पैसे होतं आणि भीतीचा भाव त्यावर वेगळा. ६५ रुपयांची खरेदी-ऑर्डर स्क्रीनवर शहाण्यासारखी बसून राहिली. तिला कोण विकणार?

इथपर्यंतचं पुष्कळांना माहीत असतं. याला ते गॅप-डाऊन म्हणतात आणि "असं एखाद्या वेळी होतंच" म्हणून सोडून देतात. खरी मारामारी याच्यानंतर सुरू होते, आणि तिचं नाव मार्जिन.

ऑप्शन विकणाऱ्याचा तोटा फ्यूचर्ससारखा रोजच्या रोज रोखीने वळता होत नाही. तो मार्जिनच्या मागणीत शिरून येतो. एक्स्चेंजचा हिशेब ढोबळपणे असा असतो: उद्या निर्देशांक वाईटात वाईट अमुक टक्के हलला तर या सौद्याची देणेदारी किती? तेवढी रक्कम आज बाजूला ठेव. हे झालं स्पॅन मार्जिन. त्याच्यावर सौद्याच्या एकूण मूल्याच्या दोन टक्के एक्स्पोजर मार्जिन. "अमुक टक्के" म्हणजे आपण नऊ धरू.

शुक्रवारी २२,९०४ वरून नऊ टक्के खाली म्हणजे सुमारे २०,८४३. तिथे २२,००० चा पुट ११५७ रुपयांचा. एका लॉटला ८६,८०० रुपये. त्यात दोन टक्क्यांचे ३४,४०० मिळवा. एका लॉटला सव्वा लाखाला थोडे कमी, दहा लॉटना सुमारे १२ लाख १० हजार. नानांच्या खात्यात १४ लाख होते. आठ लाख रोख आणि सहा लाखांचे तारण ठेवलेले शेअर, हेअरकट वजा करून. दोन लाख शिल्लक ठेवून खेळणारा माणूस. सावधच म्हणायचा.

सोमवारी २१,७५८ वरून नऊ टक्के खाली म्हणजे १९,८००. तिथे तोच पुट २२०० रुपयांचा. एका लॉटला एक लाख ६५ हजार, वर एक्स्पोजरचे साडेबत्तीस हजार. एका लॉटला जवळजवळ दोन लाख, दहाला १९ लाख ८० हजार. लक्षात घ्या, इथे टक्केवारी आपण नऊच ठेवली आहे. इंडिया व्हिक्स त्या दिवशी १३.७६ वरून २२.७९ वर गेला. चंचलता वाढली की एक्स्चेंजची टक्केवारीसुद्धा वर सरकते, तो भाग वेगळा. स्पॅनची फाइल दिवसातून अनेकदा नव्याने निघते आणि दर वेळी आकडा बदलतो. शिवाय ब्रोकरचा जोखीम-विभाग फाइलची वाट पाहत बसत नाही. त्याला चालू भावावरचा तोटा सव्वानऊलाच दिसतो.

मागणी वर जात असताना तारण खाली येतं. नानांनी तारण ठेवलेले शेअर त्याच सकाळी त्याच कारणाने पडले होते. सहा लाखांचे पाच टक्क्यांनी कमी, म्हणजे तीस हजार गेले. ज्या दिवशी छत्री लागते त्याच दिवशी तिला भोक पडतं. तारणाची ही खुबी बाजार वर जाताना कुणाच्याच ध्यानात येत नाही.

तर मागणी १९ लाख ८० हजार, खात्यात १३ लाख ७०. सहा लाख कमी. ब्रोकरचा मेसेज येतो, पैसे भरा. सोमवारी सकाळी साडेनऊला सहा लाख कुठून आणायचे? मुदत ठेव मोडायला बँक दहाला उघडते. म्हातारपणी मुलाला फोन करून, "अरे, जरा सहा लाख पाठव, भाडं खाताना अडकलोय," असं सांगायचं का? नाना गप्प बसले. ब्रोकर गप्प बसला नाही.

ब्रोकर कनवाळू होता असं धरू. त्याने दहाच्या दहा लॉट कापले नाहीत, खात्यातल्या पैशांत बसणारे सहा ठेवले आणि चार कापले. भावही नानांच्या बाजूने धरू, नुसतं अंगभूत मूल्य, २४१ रुपये ६० पैसे. प्रत्यक्षात त्या घबराटीत यापेक्षा बरंच जास्त मोजावं लागलं असतं. एका लॉटला तोटा १५,८७०, चारचा ६३,४८०. उरलेल्या सहा लॉटनी बुधवारी पूर्ण प्रीमियम दिला, १३,५००. हिशेब जमवा: पन्नास हजार तोटा. त्या दिवशी निफ्टीचा तळ होता २१,७४३.६५, म्हणजे उघडल्या भावापासून पंधरा अंक खाली. संध्याकाळी तो चारशे अंक सावरून २२,१६१.६० वर बंद झाला. नानांचे चार लॉट आठवड्यातल्या सगळ्यात महागड्या मिनिटांत कापले गेले. यात ब्रोकरची काही चूक नाही. नानांनी खातं उघडताना सही केलेल्या कागदांत तो अधिकार त्याला दिलेला आहे, फक्त ते कागद कुणी वाचत नाही.

आता काही हुशार वाचक म्हणतील, म्हणजे जवळ भरपूर पैसे हवेत, धरून बसलं की परत येतंच. यांच्यासाठी १२ मार्च २०२०. तो एक्स्पायरीचा गुरुवार होता. आदल्या दिवशी निफ्टी १०,४५८.४० वर बंद झालेला. एकाच दिवसाचा प्रश्न म्हणून कुणी १०,००० चा पुट विकला असेल तर बाजारापासून साडेचारशे अंक लांब आणि जेमतेम एक दिवस बाकी, यापेक्षा सुरक्षित भाडं कोणतं? रात्रीत कोरोनाला महासाथ जाहीर केलं गेलं. दुसऱ्या दिवशी निफ्टी ८६८ अंक पडून ९,५९०.१५ वर बंद झाला. प्रत्येक ७५ च्या लॉटमागे तीस हजार सातशे रुपये द्यावे लागले. परत यायला दुसरा दिवसच नव्हता. सौदा मिटलेला होता. मग शुक्रवारी निफ्टी सावरला की नाही, याच्याशी त्या विक्रेत्याला काही देणंघेणं उरलं नव्हतं.

याच्याशी जोडून सांगतो. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी मंगळवारी आली. आता शुक्रवारी विकायचं, शनिवार-रविवारचा थीटा फुकटात खायचा आणि मंगळवारी मोकळं व्हायचं, असा नवा धर्म निघाला आहे. शनिवार-रविवारचा थीटा फुकट नसतो हो. त्या दोन दिवसांत जग काय वाटेल ते करू शकतं, त्याची ती किंमत आहे. आणि पूर्वी सोमवारी घाव बसला तर गुरुवारपर्यंत सावरायला वेळ होता. आता सोमवार गेला की दुसऱ्या दिवशी निकाल.

परत नानांकडे येऊ, कारण त्यांचा बुधवार राहिला आहे.

सेबीने १ ऑक्टोबर २०२४ ला जे परिपत्रक काढलं त्यातली एक अट अशी: एक्स्पायरीच्या दिवशी, त्या दिवशी संपणाऱ्या प्रत्येक विकलेल्या निर्देशांक-ऑप्शनवर दोन टक्के जादा मार्जिन. २० नोव्हेंबर २०२४ पासून ती लागू आहे. दोन टक्के म्हटलं की प्रीमियमचे दोन टक्के असं पुष्कळांना वाटतं. ते सौद्याच्या पूर्ण मूल्यावर असतात. मंगळवारी निफ्टी २२,५३५.८५ वर होता. गुणिले ७५, त्याचे दोन टक्के, म्हणजे लॉटमागे ३३,८०० रुपये. नानांचा पुट तोवर मोजक्या रुपयांवर आलेला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. सहाच लॉट उरले होते म्हणून दोन लाखांची ही जादा मागणी खात्यात बसली. दहा असते तर बुधवारी सकाळी आणखी एकदा कात्री चालली असती, तीही पुट मरणपंथाला लागलेला असताना. स्ट्रँगल विकणाऱ्यांनी तर दोन्ही पायांवर दोन-दोन टक्के मोजून ठेवावेत.

त्याच परिपत्रकातली दुसरी अट १ फेब्रुवारी २०२५ पासून आली. या आठवड्याचा ऑप्शन विकायचा आणि पुढच्या आठवड्याचा विकत घेऊन त्याला हेज म्हणायचं, याला कॅलेंडर स्प्रेड म्हणतात आणि त्याबद्दल मार्जिनमध्ये सवलत मिळते. एक्स्पायरीच्या दिवशी ती सवलत नाही. सोमवारपर्यंत सुरक्षित दिसणारा सौदा त्या सकाळी मार्जिनच्या लेखी उघडा पडतो. भावात काहीही झालेलं नसतं. बाजार शांत, निफ्टी जागच्या जागी आणि खात्यात लाखांची कमतरता. असे चेहरे बघायचे असतील तर एक्स्पायरीच्या सकाळी बघावेत.

बुधवारी संध्याकाळची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. बंद भाव २२,३९९.१५. म्हणजे २२,४०० चा पुट ८५ पैशांनी पैशात गेला. लॉटमागे चौसष्ट रुपये. पण हा बंद भाव म्हणजे साडेतीनच्या ठोक्याचा शेवटचा सौदा नव्हे. घटक शेअरांच्या शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांच्या सरासरीवरून तो काढलेला असतो. तीननंतर स्क्रीनवर निर्देशांक तीस अंक उडाला म्हणून हिशेबाचा भाव तीस अंक उडत नाही. जसजसा अर्धा तास सरतो तसतशी सरासरी गोठत जाते. हे माहीत नसलेला विक्रेता सव्वातीनला एक लाल मेणबत्ती बघून घाबरतो आणि पाच रुपयांचा ऑप्शन पंधराला परत घेतो. माहीत असलेला उलट फाजील धीट होतो. अडीच वाजता अगदी जवळचा स्ट्राइक दोन-पाच रुपयांसाठी विकतो आणि सरासरी सुरू होण्याआधीच ऐंशी अंकांचा झटका खातो. समोरच्या बाजूला "हीरो-झीरो" खेळणारे ते दोन रुपयांचे ऑप्शन पोत्याने विकत घेत असतात. ते हरले तर दोन रुपये हरतात. तुम्ही हरलात तर किती, हे तुम्हाला तेव्हा माहीत नसतं.

मग नानांनी काय करायला हवं होतं? विकू नये, असा उपदेश मी करणार नाही. कोणी ऐकतही नाही. शुक्रवारीच २१,५०० चा त्याच एक्स्पायरीचा पुट विकत घ्यायचा होता. १२ रुपये किंमत धरा. मिळकत तीसवरून अठरावर आली, दहा लॉटना १३,५००. नाना म्हणाले असते, जवळजवळ निम्मं भाडं विम्यातच गेलं. पण आता मार्जिनकडे बघा. वाईटात वाईट देणेदारी ५०० अंकांची, लॉटमागे ३७,५००, वर एक्स्पोजर ३४,४००. सुमारे बहात्तर हजार. सोमवारी निफ्टी अकराशे अंक खाली उघडल्यावर? ३७,५०० आणि साडेबत्तीस हजार. सत्तर हजार. मागणी वाढलीच नाही, उलट किंचित घटली. ब्रोकरचा मेसेज नाही, कात्री नाही. बुधवारचे जादा दोन टक्के हेज असूनही लागतातच, ते धरून लॉटमागे सव्वा लाखाच्या आत. दहा लॉट १४ लाखांत आरामात बसले असते आणि नाना १३,५०० घेऊन चहा पीत राहिले असते.

हेजचं काम फक्त तोटा अडवणं एवढंच नाही. सोमवारी सकाळी तुमचे सौदे तुमच्या हातात राहावेत, हे त्याचं मोठं काम. पण यातही माणसाचा स्वभाव आडवा येतो. मार्जिन सव्वा लाखावरून बहात्तर हजारांवर आलं की नाना दहाऐवजी एकोणीस लॉट विकतात, आणि मग एक्स्पायरीच्या सकाळी तेच दोन टक्के त्यांना गाठतात. शिवाय बाहेर पडतानाचा क्रम. घाईत आधी नफ्यातला हेज विकला की त्या क्षणी विकलेला पाय उघडा पडतो आणि मार्जिन उडी मारतं. आधी विकलेला परत घ्यायचा, मग हेज विकायचा. सौदा उभा करताना याच्या उलट.

शेअरच्या ऑप्शनची कथा निराळी, तिथे महिनाअखेरीला खरोखर शेअर द्यावे-घ्यावे लागतात. ती पुढे कधीतरी.

तोवर एवढं करा. शुक्रवारी दुपारी तीनला ब्रोकरच्या मार्जिन कॅल्क्युलेटरवर तुमचा सौदा टाका. मग पाच टक्के पडल्यावर तोच सौदा किती मागेल ते कागदावर मांडा, एक्स्पायरीचे दोन टक्के त्यात मिळवा आणि तारणातले शेअर पाच टक्क्यांनी कमी धरा. जो आकडा येईल तो खात्यात नसेल तर जास्तीचे लॉट साडेतीनच्या आत स्वतःच्या हाताने कापून टाका. सोमवारी ते ब्रोकर कापेल, आणि भाव त्या सकाळचा असेल.